शेकडो पाहुण्यांच्या आउटडोअर केटरिंगचं कोटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा अशा लोकांकडून येतात ज्यांचं स्वयंपाकघर चांगलं चालतं, पण तीनचारशे पाहुण्यांचं, उघड्या मैदानावरचं काम पहिल्यांदाच समोर आलंय. म्हणून उत्तरांत एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय: ४०० पाहुणे, बुफे, संध्याकाळी ७ ते १०, तुमच्या स्वयंपाकघरापासून ४० किलोमीटरवरचं मैदान. आकडे कुठल्याही चलनातले नाहीत. एका पाहुण्याचा कच्चा माल १०० धरलाय आणि बाकी सगळं त्या मापात मांडलंय. तुमच्या बाजारातले दर घालून प्रमाण बदलेल, पद्धत तीच राहील.

फोनवर लोक पहिलाच प्रश्न विचारतात, “प्लेट कशी?” लगेच आकडा सांगावा का?

नाही. फारच आग्रह झाला तर “साधारण एवढ्यापासून एवढ्यापर्यंत” असा पट्टा सांगा, आणि जागा बघितल्याशिवाय पक्कं सांगत नाही हेही त्याच वाक्यात सांगा. एकदा तोंडातून गेलेला आकडा ग्राहकाच्या डोक्यात बसतो आणि पुढची सगळी बोलणी त्याच्यापासून खाली सुरू होतात.

खरी अडचण वेगळी आहे. हॉलमध्ये ओटा, नळ, दिवे, छप्पर, टेबलं आयती असतात. मैदानावर यातलं काहीच नसतं. ते सगळं तुम्ही गाडीत घालून नेता आणि रात्री परत आणता. हा खर्च पाहुण्यांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे “प्लेट” नावाच्या एका आकड्यात तो कोंबला की संख्या बदलल्याबरोबर हिशेब कोसळतो. कसा, ते पुढे येतंच.

जागेवर गेल्यावर नेमकं काय बघायचं?

गाडी कुठपर्यंत येते हे आधी बघा. ट्रक फाटकापाशी थांबणार असेल आणि स्वयंपाकाची जागा दीडशे मीटर आत असेल, तर प्रत्येक क्रेट, प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक टेबल दोनदा हाताने वाहावं लागतं: एकदा जाताना, एकदा येताना. तिथे गाडी उतरवायला एका तासाऐवजी सहज दोन-अडीच तास जातात, आणि ते तास मजुरीत येतात. जमीन गवताची, उताराची की भुसभुशीत, हेही चालूनच कळतं. हातगाडी चालणार की नाही ते त्यावर ठरतं.

मग पाणी. नळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका. बादली लावून किती वेळात भरते ते बघा. शिवाय ते पाणी पिण्याजोगं आहे का, आणि सांडपाणी सोडायचं कुठे, हे जागेच्या मालकालाच विचारा. वीज असेल तर किती लोड मिळतो हे विचारा. तुमच्या सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करून वर पाव हिस्सा मोकळा राहायला हवा. तेवढा मिळत नसेल तर जनरेटर धरावाच लागतो.

शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो: मैदान रात्री किती वाजेपर्यंत रिकामं करायचं? बाराचं बंधन असेल तर आवराआवरीला माणसं वाढतात. बंधन नसेल तर तेच काम कमी माणसांत, सावकाश होतं.

माणसं किती धरायची आणि मजुरी कशी मोजायची?

बुफेसाठी २५ पाहुण्यांमागे एक वाढपी हा बरा अंदाज. बसलेल्या पाहुण्यांना टेबलावर वाढायचं असेल तर माणसं जवळपास दुप्पट लागतात. आपल्या उदाहरणात १६ वाढपी, ४ आचारी, त्यांच्या हाताखाली ५ जण, भांडी धुवायला ४ आणि एक सुपरवायझर, असे ३० जण होतात.

डोकी मोजणं सोपं आहे, चूक तासांत होते. ग्राहकाला जेवणाचे ३ तास दिसतात. वाढपी मात्र दुपारी ३ वाजता तुमच्याकडे हजर होतो, ४ वाजता मैदानावर उतरतो, साडेसहापर्यंत मांडामांड, मग जेवण, १० पर्यंत वाढणं, १२ पर्यंत आवरणं, आणि परत पोचेपर्यंत रात्रीचा १ वाजतो. हे १० तास झाले. आचारी आणि त्यांचे मदतनीस सकाळी ११ पासून उभे असतात, त्यांचे १४ तास होतात.

वाढप्याला तासाला ५०, मदतनीस आणि भांडीवाल्यांना ४०, आचारी आणि सुपरवायझरला १०० धरू. वाढप्यांचे १६० तास म्हणजे ८,०००. आचाऱ्यांचे ५६ तास म्हणजे ५,६००. मदतनीस आणि भांडीवाल्यांचे मिळून ११० तास, ४,४००. सुपरवायझरचे १,४००. एकूण १९,४००. त्यात या ३० जणांची दोन वेळची जेवणं धरा. साधं जेवण ४० ला पडलं तर २,४००. मजुरीचा आकडा झाला २१,८००.

तुमच्याकडे ठरावीक तासांनंतर कायद्याने ओव्हरटाइम द्यावा लागत असेल, तर १४ तासांच्या लोकांवर तो लागणारच. ते गृहीत धरूनच दर लावा किंवा आचाऱ्यांच्या दोन पाळ्या करा. रात्री एक वाजता सोडलेला माणूस घरी कसा जाणार, हाही खर्चच आहे.

भाड्याच्या सामानात काय काय विसरलं जातं?

ताटं, वाट्या, ग्लास कुणी विसरत नाही. विसरतात ते स्वयंपाकाच्या जागेवरचं छप्पर, तिथला दिवा, पाण्याची टाकी, कचऱ्याचे पिंप, आणि बुफेच्या मागे सामान ठेवायला लागणारी जादा टेबलं. पाहुण्यांच्या बाजूला झगमगाट आणि आचारी मोबाइलच्या उजेडात, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं.

भाड्याचे दोन भाग वेगळे लिहा. पहिला पाहुण्यांवर अवलंबून: एका पाहुण्याचा ताट-वाटी-ग्लासचा संच २० ला, १० टक्के जादा धरून ४४० संच, म्हणजे ८,८००. दुसरा कामावर अवलंबून: बुफेची टेबलं, पदार्थ गरम ठेवायची भांडी, जनरेटर, छप्पर, टाकी मिळून ९,२००. एकूण १८,०००.

४४० संच पुरतात ते मैदानावर धुणं चालू आहे म्हणून. बुफेला लोक दुसऱ्यांदा येतात तेव्हा नवीन ताट घेतात, त्यामुळे धुणं नसेल तर ६०० तरी लागतील. मग भाडं ३,२०० ने वाढतं. उलट चार भांडीवाले आणि त्यांची जेवणं मिळून १,९२० वाचतात, टाकीही लहान चालते. म्हणजे पैशाच्या दृष्टीने फार फरक पडत नाही. पाणी आणि निचरा असेल तर जागेवर धुवा, नसेल तर जादा ताटं न्या. मात्र भांडी खरकटी परत केली तर धुण्याचे वेगळे पैसे लागतात का, हे भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारा.

सामान सकाळी घेताना आणि रात्री परत भरताना, दोन्ही वेळा एकाच माणसाने मोजायचं. फुटतूट तुम्ही सोसणार की ग्राहक, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं असावं. जनरेटरच्या भाड्यात किती तास आणि कुणाचं डिझेल, हे विचारल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

वाहतूक म्हणजे ४० किलोमीटर जाऊन-येऊन ८०, एवढंच ना?

सामानाचा ट्रक बघा. सकाळी भरून जातो, रिकामा परत येतो, रात्री रिकामा जातो, भरून येतो. ८० चे १६० किलोमीटर झाले. नाहीतर तो दिवसभर तिथेच उभा ठेवा, मग गाडीचं आणि ड्रायव्हरचं थांबण्याचं भाडं लागतं. दोन्ही हिशेब करून स्वस्त तो घ्यायचा; अंतर वाढत गेलं की थांबवणं परवडायला लागतं.

अन्नाची गाडी वेगळी ठेवा. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहायला हवं आणि साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची अन्नसुरक्षेची सूचना सांगते. म्हणून अन्न उष्णतारोधक बंद डब्यांतून, मांडामांड आटोपत आल्यावरच निघतं. ट्रकमध्ये सकाळीच टाकून चालत नाही. डबे उघडताना थर्मामीटर लावून बघायचं काम सुपरवायझरचं. तिसरी गाडी ३० माणसांची.

तिन्ही गाड्या, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचं थांबणं धरून आपल्या उदाहरणात ८,००० लावू.

मग सगळं एकत्र कसं जोडायचं?

कच्चा माल ४०० चा नाही, ५ टक्के जादा धरून ४२० चा: ४२,०००. मजुरी २१,८००. भाडं १८,०००. वाहतूक ८,०००. इंधन, बर्फ, सफाई आणि कचरा ३,२००. बेरीज ९३,०००.

यावर ५ टक्के अनपेक्षित खर्चाचे, ४,६५०. बर्फ संपला, गाडी अडकली, एक बर्नर बंद पडला, अशासाठी. मैदानावर दुकान जवळ नसतं, त्यामुळे ऐन वेळी आणलेली वस्तू नेहमी महाग पडते.

त्यानंतर तुमचा कायमचा खर्च: स्वयंपाकघराचं भाडं, ऑफिस, स्वतःच्या भांड्यांची झीज, विमा, आणि हो, जागा बघायला गेलात तो दिवस. वर्षाचा असा सगळा खर्च वर्षभरातल्या कामांत वाटायचा आणि मोठ्या कामाला मोठा वाटा द्यायचा. इथे १०,३५० धरलाय. हा खर्च फार जण सोडून देतात, म्हणून हंगाम जोरात जातो आणि वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नाही.

एकूण खर्च झाला १,०८,०००.

यावर २० टक्के नफा धरला तर १,२९,६००. बरोबर?

तो खर्चावरचा २० टक्के झाला. विक्रीच्या रकमेत त्याचा वाटा साडेसोळा-सतरा टक्केच पडतो. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८ ने भागा: १,०८,००० भागिले ०.८ म्हणजे १,३५,०००. दोन्हींत ५,४०० चा फरक आहे. कुठलीही पद्धत वापरा, पण भागीदार, हिशेबनीस आणि तुम्ही “२० टक्के” म्हणताना एकच गोष्ट म्हणत असलं पाहिजे.

१,३५,००० ला ४०० ने भागलं की प्लेट ३३७.५० ला पडते. तुमच्याकडे जो कर लागू असेल तो याच्या वर, आणि “कर वेगळा” असं ठळक लिहून.

ग्राहकाने आयत्या वेळी ४०० चे ३०० केले तर?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर बघू.

समजा ३३७.५० प्लेट असं लिहून दिलंय. १०० पाहुणे कमी झाले, बिल उतरलं १,०१,२५० वर. आता खर्च किती उतरतो? कच्चा माल १०,५०० ने. ताटांचं भाडं २,२०० ने. चार वाढपी कमी केले तर त्यांची मजुरी आणि जेवणं मिळून २,३२०. अनपेक्षित खर्चाचे ५ टक्के त्याच प्रमाणात, ७५० च्या आसपास. सगळं मिळून साधारण १५,८००. आचारी तेवढेच, जनरेटर तोच, ट्रक तोच, छप्पर तेच. बिल ३३,७५० ने उतरलं आणि खर्च त्याच्या निम्म्यानेही नाही. २७,००० चा नफा ९,००० वर आला.

हे झालं वेळेत कळलं तर. माल भरून झाल्यावर, माणसं सांगून झाल्यावर कळलं, तर खर्च १,०८,००० च राहतो. बिल १,०१,२५० चं. म्हणजे काम करून वर खिशातून ६,७५० घालायचे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरायचे. पहिला, पक्की संख्या: कार्यक्रमाच्या सात दिवस आधी ग्राहक लेखी आकडा देईल, आणि त्यापेक्षा कमी पाहुणे आले तरी बिल त्या आकड्याचंच होईल. दिवस किती ठेवायचे हे तुमची मालखरेदी आणि माणसांची बोलणी कधी पक्की होते त्यावर ठरवा. दुसरा, दराचे दोन तुकडे.

दराचे दोन तुकडे म्हणजे नक्की काय?

कामाची एक ठोक रक्कम आणि त्यावर पाहुण्यामागे एक रक्कम. १०० पाहुण्यांमागे खर्च सुमारे १५,८०० ने बदलतो, म्हणजे एका पाहुण्यामागे १५८. त्याला ०.८ ने भागलं की १९७. ४०० पाहुण्यांचे ७८,८०० झाले. १,३५,००० तून ते वजा केले की ठोक रक्कम उरते ५६,२००.

म्हणून कोटेशन असं: ठोक ५६,२००, अधिक प्रत्येक पाहुण्यामागे १९७. ४०० आले तर १,३५,०००. ३०० झाले तर १,१५,३००, म्हणजे प्लेट ३८४ च्या पुढे, आणि तुमचे २० टक्के शाबूत. ग्राहकालाही हे पटतं, कारण पाहुणे वाढवले तर पुढचा प्रत्येक जण १९७ लाच पडतो हे त्याला दिसतं.

हे सूत्र सगळीकडे ताणू नका. शंभरेक पाहुण्यांमागे बुफेची एक रांग लागते. ४०० ला चार. साडेचारशेच्या पुढे गेलात की पाचवी रांग, तिची गरम ठेवायची भांडी, आणखी एक आचारी, कदाचित आणखी एक गाडी असा खर्च पायरीसारखा चढतो. म्हणून कोटेशनवर लिहा: हा दर ३०० ते ४५० पाहुण्यांसाठी, त्याबाहेर नव्याने काढून दिला जाईल.

ग्राहक “मला एकच प्लेटदर द्या” म्हणून हटून बसला तर संख्येप्रमाणे वेगवेगळे दर द्या: ३०० ला ३८५, ३५० ला ३५८, ४०० ला ३३७.५०. गणित तेच.

उलट पाहुणे जास्त आले तर मोजायचे कसे?

पद्धत आधी लिहून ठरवा, कारण रात्री ११ वाजता ती ठरत नाही. ताटं मोजून बिल लावणं सोपं वाटतं, पण जागेवर धुणं चालू असेल तर तेच ताट दोनदा फिरतं, आणि दुसऱ्यांदा जेवायला आलेला पाहुणाही नवीन म्हणून मोजला जातो. त्यावरून हमखास वाद होतो. दारावर मोजणी, तीही ग्राहकाच्या एका माणसासोबत, हे त्यातल्या त्यात चांगलं. किती जादा पाहुण्यांपर्यंत तुम्ही जेवण पुरवू शकता तेही लिहा. ५ टक्के जादा माल नेलाय, म्हणजे वीस जणांपर्यंत. पन्नास जास्त आले तर पदार्थ संपणार, आणि ते आधी सांगितलेलं असलं तर तोंड देता येतं.

पावसाचं काय?

दोन वेगळ्या ओळी. स्वयंपाकाच्या जागेवरचं छप्पर मूळ दरातच, त्यावर घासाघीस नाही. पाहुण्यांच्या जागेवरचं छप्पर पर्याय म्हणून वेगळ्या आकड्यात, आणि हो-नाही सांगायची शेवटची तारीख सोबत. भाड्याने देणारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंडप आणून देईलच असं नाही, तेव्हा ती तारीख त्याला विचारूनच टाका.

दुसऱ्याचं कोटेशन बरंच स्वस्त आहे, असं ग्राहक म्हणाला तर?

ते कोटेशन बघायला मागा. बहुतेक वेळा त्यात जनरेटर नसतो, किंवा माणसांचे तास लिहिलेले नसतात, किंवा वाहतूक “प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे” असते. ओळीला ओळ लावून दाखवली की फरकाचा मोठा भाग तिथेच सापडतो.

खरोखरच स्वस्त असेल तर आकडा कमी करण्याआधी काम कमी करा. दोन पदार्थ काढले तर कच्चा माल उतरतो आणि एक आचारीही कमी होऊ शकतो. जेवणाची वेळ ३ तासांवरून २ तासांवर आणली तर वाढप्यांचा एक तास वाचतो, पण फक्त ८०० सुटतात. याचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. नुसताच दर १० टक्क्यांनी खाली आणलात तर १३,५०० गेले, म्हणजे निम्मा नफा. हे पाडापाडी करण्याआधी मनाशी असू द्या.

कोटेशनच्या कागदावर शेवटी काय असायलाच हवं?

पक्की संख्या देण्याची तारीख. दर किती दिवस टिकेल, कारण भाजीपाल्याचे भाव महिनाभर थांबत नाहीत. वाढण्याची वेळ कधी संपते आणि त्यानंतर प्रत्येक तासाला किती. आपल्या उदाहरणात सगळे ३० जण एक तास जास्त थांबले तर नुसती मजुरीच १,६६० होते, शिवाय जनरेटर आणि गाड्या. पाणी, वीज, मैदानाची परवानगी यांतलं काय ग्राहकाने द्यायचं. फुटतूट कुणाची. रद्द केलं तर कुठल्या तारखेला किती रक्कम परत मिळणार नाही.

आणि हप्ते. तारीख धरून ठेवण्यासाठी काही रक्कम, पक्की संख्या देताना इतकी की कच्चा माल आणि भाडं दोन्ही निघावं; आपल्याकडे ते ६०,००० होतात, म्हणजे एकूण रकमेच्या ४५ टक्क्यांच्या आसपास. बाकीची रक्कम शक्यतो कार्यक्रमाआधी. जादा पाहुणे आणि जादा तास एवढंच बिल दुसऱ्या दिवशी पाठवा, दारावरच्या मोजणीची सही असलेला कागद जोडून.